तीस सेकंदांत एकच गोष्ट: ज्येष्ठांसाठी मोबाइल बँकिंगच्या सुरक्षेची हिंदी संहिता

प्रश्न: आमची सोलापुरातली नागरी सहकारी बँक आहे. शाखांमधल्या टीव्हीवर आणि खातेदारांच्या व्हॉट्सॲपवर चालेल अशी मोबाइल बँकिंगच्या सुरक्षेची ३० सेकंदांची हिंदी व्हॉइस-ओव्हर ज्येष्ठांसाठी लिहायचं काम माझ्याकडे आलंय. मी लिहिलेली संहिता ११० शब्दांची झाली. वाचणारे म्हणतात बसत नाही, आणि घरी आजोबांना वाचून दाखवली तर नंतर त्यांना काहीच आठवलं नाही. मसुदा सोबत जोडलाय. काय बदलू?

उत्तर:

तुमचा मसुदा मोठ्याने वाचून पाहिला. हिंदी स्वच्छ आहे आणि माहितीही बरोबर आहे. पण तिच्यात ओटीपी, पिन, सीव्हीव्ही, पासवर्ड, अनोळखी लिंक, केवायसीचे फोन आणि हेल्पलाइन अशा सात सूचना आहेत. ११० शब्द निम्मे केले तरी सूचना सातच राहतील, फक्त प्रत्येकीच्या वाट्याला सात-आठ शब्द येतील. आजोबांना आठवलं नाही याचं कारण वेग हे आहेच, पण त्याहून मोठं कारण म्हणजे नेमकं काय धरून ठेवायचं हे त्यांना कळलं नाही. म्हणून एक मुख्य सूचना आणि शेवटी हेल्पलाइनचा नंबर एवढंच ठेवून बाकीच्या पाच बाजूला काढा. त्यांच्यासाठी पुढे वेगळ्या फिती करता येतील.

ती मुख्य सूचना कोणती? मसुद्यात तुम्ही लिहिलंय, ‘अपना पिन किसी के साथ साझा न करें’. हे वाक्य सगळीकडे असतं आणि ते खरंही आहे, पण ज्या फसवणुकीत ज्येष्ठ सर्वांत सहज सापडतात तिथे ते कामाला येत नाही. त्या फसवणुकीत पिन कोणी विचारतच नाही. तो आपणच, आपल्याच फोनमध्ये, आपल्याच बोटांनी टाकायचा असतो.

नेहमी घडणारा प्रसंग बघा. समजा रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका आहेत, रेल्वे लाइन्स भागात राहतात. फोन येतो, ‘पेन्शनच्या फरकाचे १,८४० रुपये तुमच्या खात्यात टाकायचे आहेत.’ बोलणारा नम्र असतो, काकांना नावाने हाक मारतो. तो व्हॉट्सॲपवर क्यूआर कोड पाठवतो आणि सांगतो, ‘हा स्कॅन करा म्हणजे पैसे जमा होतील. पिन मला अजिबात सांगू नका, तो फक्त तुम्ही टाका.’ या वाक्यावर काकांचा विश्वास बसतो, कारण पिन सांगू नये हे त्यांनी दहा ठिकाणी ऐकलेलं असतं. ते कोड स्कॅन करतात. पडद्यावर समोरच्याचं नाव आणि १,८४० ही रक्कम आधीच भरलेली दिसते. तो आकडा जमा होण्याचा आहे असं समजून ते पिन टाकतात आणि त्यांच्या खात्यातून १,८४० रुपये जातात. काकांनी पिन कोणालाच सांगितलेला नव्हता. म्हणजे तुमच्या मसुद्यातलं वाक्य तंतोतंत पाळून ते फसले.

यूपीआयमध्ये खात्यात पैसे जमा व्हायला पिन लागत नाही. पैशांच्या व्यवहारात पिन टाकणं म्हणजे ‘माझ्या खात्यातून पैसे काढा’ याला संमती देणं. ही एक गोष्ट ज्याच्या डोक्यात पक्की बसली, त्याला पेन्शनचा फरक, वीजबिलाचा परतावा, कॅशबॅक, जुनं कपाट विकत घेणारा गिऱ्हाईक अशा सगळ्या बहाण्यांतून एकाच खुणेने बाहेर पडता येतं. म्हणून तीस सेकंद हिलाच द्या.

आता भाषा. सोलापुरात हिंदी का, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. पूर्व भागातले तेलुगू बोलणारे विणकर, कन्नड घरं, दखनी बोलणारे मुस्लिम आणि आपण मराठी, या सगळ्यांना एका फितीत गाठायचं तर बाजारातली हिंदीच चालते. पण ती बाजारातलीच हवी. ‘साझा’, ‘सतर्क’, ‘धनराशि’, ‘लेन-देन’ हे शब्द सरकारी पत्रकातून येतात आणि यातल्या अनेक घरांत रोज उच्चारले जात नाहीत. ‘पैसे’, ‘खाता’, ‘फ़ोन’, ‘मोबाइल’, ‘पिन’, ‘नंबर’ हे मात्र चारही भाषांच्या माणसांना ओळखीचे आहेत. हेल्पलाइनचा नंबर १९३०, त्यातला शेवटचा अंक ‘शून्य’ म्हणण्याऐवजी ‘ज़ीरो’ म्हणा. तेलुगूत त्याला ‘सुन्ना’ म्हणतात, कन्नडमध्ये ‘सोन्ने’, पण फोन नंबर सांगताना सगळेच झिरो म्हणतात.

एक अडचण मात्र पटकन लक्षात येत नाही. ‘पैसे लेने के लिए पिन नहीं लगता’ असं वाक्य बहुतेक जण लिहितात. ते ऐकल्यावर ज्येष्ठांच्या डोळ्यांपुढे एटीएम येतं, आणि एटीएममधून पैसे घ्यायला तर पिन लागतोच. आपलं वाक्य त्यांच्या अनुभवाशी भांडायला लागलं की ते वाक्यच सोडून देतात. म्हणून ‘लेने’ नको. ‘खाते में पैसे आने के लिए’ असं म्हटलं की एटीएमचा गोंधळ राहत नाही. शिल्लक तपासतानाही यूपीआय पिन लागतो, त्यामुळे ‘पिन डाला मतलब पैसे गए’ हे ठाम वाक्यही टाळा. रोज सकाळी शिल्लक बघणाऱ्या आजींना ते खोटं वाटेल, आणि मग पुढचंही खोटं वाटेल.

हे सगळं धरून मी संहिता अशी लिहीन:

फ़ोन आया। बोले, आपके खाते में पैसे भेज रहे हैं, बस मोबाइल पर पिन डाल दीजिए।

रुकिए।

खाते में पैसे आने के लिए पिन नहीं लगता।

पैसे जाते हैं, तब पिन लगता है।

फ़ोन काट दीजिए।

पैसे कट जाएँ, तो बैंक को बताइए, और उसी समय यह नंबर लगाइए।

एक, नौ, तीन, ज़ीरो।

एक, नौ, तीन, ज़ीरो।

हे ५७ शब्द होतात, आणि मी ते बोलल्यासारखे मोजलेत. कागदावर ‘1930’ हा एकच शब्द दिसतो पण तोंडातून चार येतात, आणि दोनदा म्हटला की आठ. ‘ओटीपी’ लिहिताना एक शब्द आहे, उच्चारताना तीन वेगळी अक्षरं आहेत. कॉम्प्युटरने दाखवलेल्या शब्दसंख्येवर विसंबून राहिलं की स्टुडिओत दोन-तीन सेकंद हमखास वाढतात. म्हणून संहितेत आकडे नेहमी अक्षरांत लिहायचे.

तीस सेकंदांची वाटणी मी अशी धरते. सुरुवातीला आणि शेवटी अर्धा-अर्धा सेकंद मोकळा ठेवायचा, नाहीतर टीव्हीवर पहिलं अक्षर खाल्लं जातं. पहिलं वाक्य सहा सेकंदांत. ते जरा भरभर चालेल, कारण फोनवरचा माणूस घाईच करत असतो. मग अर्धा सेकंद थांबून एका सेकंदात ‘रुकिए’, आणि त्यानंतर पूर्ण एक सेकंद शांतता. ‘खाते में पैसे आने के लिए’ या ओळीला चार सेकंद आणि पुन्हा एक सेकंद शांतता. ‘पैसे जाते हैं’ला अडीच, ‘फ़ोन काट दीजिए’ला दीड, बँकेच्या ओळीला साडेचार, आणि नंबरला प्रत्येक वेळी अडीच सेकंद. या ओळींच्या मध्ये अर्धा-अर्धा सेकंद सोडायचा. बेरीज केली तर बोलणं साडेचोवीस सेकंदांचं, शांतता साडेचार सेकंदांची आणि दोन्ही टोकांचा मिळून एक सेकंद. म्हणजे सेकंदाला सव्वादोन शब्दांच्या आसपास वेग पडतो. जाहिरातीतला नेहमीचा वेग याहून बराच जास्त असतो.

‘एवढ्या शांततेत अजून एक सूचना बसेल की,’ असं तुमचे साहेब नक्की म्हणतील. त्यांना नकार द्या. ‘रुकिए’नंतरचा सेकंद हाच या फितीचा गाभा आहे. फसवणूक होते ती घाईत, आणि ऐकणाऱ्यालाही आधीचं वाक्य मनात पोचायला तेवढा वेळ लागतो. तो सेकंद भरला की पुढची ओळ ऐकू येते पण पोचत नाही.

‘नहीं लगता’ या नकारानंतर मी लगेच ‘पैसे जाते हैं’ ही होकारार्थी ओळ ठेवली आहे, तीही मुद्दाम. काही दिवसांनी आठवताना वाक्यातला नकार आधी गळतो आणि उरतं ते ‘पैसे येणं, पिन’ एवढंच, म्हणजे नेमकं ठगाचं वाक्य. दुसरी ओळ त्या आठवणीला योग्य दिशा देते. याच कारणाने ठगाचं बोलणं एकदाच आणि सपाट आवाजात म्हणायचं. नाटकी आवाज काढून ते रंगवलं तर लोकांना तेच लक्षात राहतं.

१९३० हा राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनचा नंबर. २०२१ मध्ये ही व्यवस्था सुरू झाली तेव्हा नंबर १५५२६० होता, नंतर तो बदलून १९३० केला. तुमच्या शाखेत एखादं जुनं पोस्टर लागलेलं असेल तर फीत सुरू होण्याआधी तेवढं तपासा. दोन नंबर दिसले की म्हातारं माणूस कोणताच लावत नाही. नंबर ‘उन्नीस सौ तीस’ असा वाचायचा नाही. हिंदीतले मोठे आकडे आपल्याकडे कच्चे असतात, ‘उन्नीस’ आणि ‘उनतीस’ कानाला जवळजवळ सारखे लागतात, आणि शेवटी फोनवर दाबायची ती चार सुटी बटणंच आहेत. एकेक अंक, मध्ये श्वास, आणि दोनदा. पहिल्यांदा ऐकताना माणूस ‘हा नंबर आहे’ हे ओळखतो, दुसऱ्यांदा तो लक्षात ठेवतो. नंबर फितीच्या अगदी शेवटी ठेवला तो एवढ्यासाठी की त्याच्यावर दुसरं काही येऊन पडू नये. ऑनलाइन तक्रारीचा cybercrime.gov.in हा पत्ता मात्र आवाजात नको, तो पडद्यावर द्या.

‘उसी समय’ हे दोन शब्द काटछाट करताना पहिले उडवले जातात. ते ठेवा. गेलेले पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात पटापट सरकवले जातात. १९३० वर तक्रार नोंदली की ती संबंधित बँकांकडे जाते आणि वाटेत पैसे सापडले तर तिथेच अडवून ठेवता येतात. मुलगा पुण्याहून रविवारी येईल तेव्हा बघू, असं म्हणून थांबलं की अडवायला काही उरत नाही.

बँकेला सांगण्याची ओळही तुम्हाला बारीक वाटेल, पण तिच्यामागे नियम आहे. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये घालून दिलेल्या नियमांनुसार ग्राहकाच्या स्वतःच्या चुकीने, म्हणजे गोपनीय तपशील देऊन, नुकसान झालं तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं असतं. कळवल्यानंतर पुढे जे जाईल ते बँकेचं. चूक ना ग्राहकाची ना बँकेची असेल तर तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास ग्राहकावर काहीच पडत नाही. हे ‘तीन दिन’ संहितेत घालायचा मोह होतो, पण घालू नका. आपल्या प्रसंगातल्या काकांनी पिन स्वतः टाकलेला आहे, त्यांना या तीन दिवसांचा आधार मिळेलच असं नाही. आणि ‘तीन दिवस आहेत’ असं कानावर पडलं की माणूस निवांत होतो.

पूर्वीच्या अनेक फितींमध्ये ‘पेमेंट रिक्वेस्ट आई तो मंज़ूर मत कीजिए’ अशी ओळ असायची. व्यक्तीने व्यक्तीकडे यूपीआयवरून अशी पैशांची मागणी पाठवण्याची सोय यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली. तुम्ही जुन्या फितीवरून संहिता बेतत असाल तर ती ओळ उचलू नका. आपलं मुख्य वाक्य पिनवर बेतलेलं आहे, ठगाच्या पद्धतीवर नाही. म्हणून पद्धत बदलली तरी ते जुनं होत नाही.

वाचायला कोणाला बसवायचं? शक्य असेल तर पन्नाशीच्या आसपासचं, खालच्या पट्टीत स्वच्छ बोलणारं माणूस घ्या. वयानुसार ऐकणं कमी होतं तेव्हा आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात, आणि स, श, फ यांसारखी व्यंजनं तिथेच असतात. कोवळा, चिरका आवाज ज्येष्ठांना मोठ्याने ऐकू येतो पण शब्द सुटे होत नाहीत. फीत लांबली म्हणून सॉफ्टवेअरने आवाज पळवू नका, त्याने हीच व्यंजनं आधी चिरडली जातात. लांबली तर शब्द कमी करा.

मराठी माणूस वाचणार असेल तर ‘जाते’ आणि ‘जाएँ’ या दोन शब्दांवर कान ठेवा. आपण ‘जातो’मधला ज दातांशी नेऊन म्हणतो, हिंदीत तो ‘जीवन’मधल्या ज सारखा हवा. मी स्वतः वाचते तेव्हा या दोन शब्दांखाली पेन्सिलने रेघ मारून ठेवते. आणि ‘पिन’वर प्रत्येक वेळी किंचित जोर द्या. तो शब्द आखूड आहे, घाईत नुसता ‘प’ ऐकू येतो.

संगीत आवाजापेक्षा किमान वीस डेसिबल खाली हवं. माझ्या मते ‘रुकिए’पासून पुढे ते पूर्ण बंदच करावं. गाणं थांबलं की मान वर होते, तेवढं काम तरी ते करेल. स्टुडिओ नसेल तर पंखा बंद करून, खोलीच्या तीन बाजूंना आपल्या जाड सोलापुरी चादरी दोरीवर टाकून फोनवर रेकॉर्ड केलं तरी चांगलं येतं. घुमणारा आवाज चादरी बराच शोषून घेतात. फोन तोंडापासून वीतभर अंतरावर आणि थोडा बाजूला धरा, म्हणजे ‘पिन’ आणि ‘फ़ोन’च्या वेळी हवेचा फटका बसणार नाही.

तुम्ही फीत शाखेतल्या टीव्हीवर लावणार आहात, तर तिथे आधी एकदा उभं राहून बघा. कित्येक शाखांत टीव्हीचा आवाज बंदच असतो, किंवा टोकनच्या घोषणेखाली बुडतो. म्हणून बोललेली प्रत्येक ओळ पडद्यावर दिसायला हवी, एका वेळी एकच, आणि आवाज संपल्यावर आणखी एक क्षण ती तशीच राहायला हवी. नंबर 1930 असाच, फोनच्या बटणांवर असतात त्या अंकांत लिहा. शेवटचे सहा सेकंद पडद्यावर त्याशिवाय दुसरं काही नको, बँकेचं चिन्हसुद्धा कोपऱ्यात लहान. व्हॉट्सॲपसाठी वेगळी प्रत काढून ती साध्या फोनच्या स्पीकरवर ऐका. हेडफोनवर भारदस्त वाटणारा आवाज तिथे पातळ होतो, आणि लोक तोच ऐकणार आहेत.

अंतिम करण्याआधी पाच-सहा ज्येष्ठांना ऐकवा, आजोबांच्या कट्ट्यावरच्या मंडळींना चालेल. त्यात एखाद्या तेलुगू किंवा कन्नड घरातल्या आजी जरूर असू द्या, कारण हिंदी कुठे अडते ते त्यांच्याकडूनच कळतं. फीत एकदाच लावा. ‘समजलं का?’ विचारू नका, सगळे हो म्हणतात. दहा मिनिटं दुसऱ्या गप्पा मारा आणि मग विचारा, ‘काका, मला तुमच्या खात्यात पाचशे रुपये टाकायचे आहेत, तुम्हाला काय करावं लागेल?’ ‘पिन टाकेन’ असं उत्तर आलं तर मधल्या दोन ओळी अजून पोचलेल्या नाहीत. पहिलं वाक्य आखूड करा, ‘बोले’नंतरचा मजकूर ‘पैसे भेज रहे हैं, पिन डालिए’ एवढाच ठेवा आणि वाचलेले दोन सेकंद मधल्या दोन ओळींना द्या. ‘काहीच नाही, तू टाक’ असं उत्तर आलं पण नंबर आठवला नाही, तर संहितेला हात लावू नका. पडद्यावरचा नंबर मोठा करा आणि पासबुकाच्या आतल्या पानावर 1930 चा शिक्का मारून द्या.